आठवीच्या पालकांना कलाशिक्षकाचं पत्र

जामनेर

प्रिय पालक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पालकसभेत एका वडिलांनी सरळच विचारलं, “सर, पोरं चित्रं काढतात ते ठीक. पण जुन्या चित्रांचा इतिहास कसाले?” घंटा झाली आणि उत्तर राहून गेलं. ते आता लिहितो.

आठवीला मी अजिंठ्याच्या भिंतीपासून सुरुवात केली, चित्रापासून नाही. खडकावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि काड्या, वर चुन्याचा पातळ हात, त्यावर रंग. “घरी आजीला विचारून या, मातीत भुसा का घालतात?” एवढाच गृहपाठ होता. धाब्याच्या घरात जन्म काढलेल्या आज्यांनी पोरांना माझ्यापेक्षा चांगलं शिकवलं. मग वर्गात दोन फळ्या लिंपल्या, एक नुसत्या मातीची, एक भुसा घातलेली. नुसत्या मातीची तिसऱ्या दिवशी तडकली. मागच्या बाकावरचा, एरवी वहीसुद्धा न उघडणारा मुलगा तडा बोटाने चाचपत म्हणाला, “सर, भुसा मातीला धरून ठेवतो.”

रंगांचंही तसंच. लाल-पिवळा मातीतला, काळा काजळीचा. निळा मात्र लाजवर्द दगडाचा, आणि तो यायचा थेट अफगाणिस्तानातून. पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात, तो इथवर कोणत्या वाटेने आला असेल? हे शोधताना भूगोलाचं पुस्तक पोरांनी स्वतःहून उघडलं.

भुसावळला रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात त्याची कितीतरी वर्षं गेली. लंडनला पाठवलेल्या त्यातल्या बहुतेक नकला 1866 च्या आगीत जळाल्या. हे सांगितलं तेव्हा वर्ग गप्प झाला. मूळ भिंतीवर खिळ्याने नाव कोरणाऱ्यांचा राग त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा आला. ‘भिंतीला हात लावू नये’ असं मी किती वर्षं नुसतं बजावत होतो!

एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या तयारीचं काय, ही काळजी रास्त आहे. ते तास तसेच राहतील. कला-इतिहासाला पंधरवड्यातून एकच तास असेल. सनावळ्या पाठ करायच्या नाहीत, परीक्षाही नाही. आणि खरं सांगू? कमळ हातात धरलेल्या पद्मपाणीच्या बोटांकडे दहा मिनिटं नीट पाहिलेल्या पोराला हात काढायला शिकवणं मला सोपं जातं.

येत्या मंगळवारी अजिंठ्याला जायचं आहे (सोमवारी लेणी बंद असतात). पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, खर्च फक्त एस.टी.चा. डबा, पाण्याची बाटली, वही आणि पेन्सिल द्यावी. आत फ्लॅश चालत नाही, त्यामुळे मोबाइल घरीच राहू द्या. संमतीपत्र शनिवारपर्यंत पाठवा.

ज्यांच्या घरी जुना कोरीव दरवाजा, खांब किंवा देव्हारा असेल, त्यांनी त्याचा एक फोटो मुलाबरोबर जरूर द्यावा. वस्तू पाठवू नका. गेल्या वर्षी एक समई वर्गातून घरी परतताना वाकडी झाली, आणि त्या घरच्या आजी अजून माझ्यावर रुसलेल्या आहेत.

आपला,
चित्रकला शिक्षक