अर्ज क्र. 14: लीगल असोसिएट पदासाठी छाननी टिपण

30 जानेवारी 2026
प्रति: वाणिज्य वाद विभागाच्या प्रमुख
विषय: जाहिरातीतील अटींशी बायोडेटाची पडताळणी

मॅडम,

अर्ज 14 मी दोनदा वाचला. पहिल्या वाचनानंतर तो "नको"च्या गठ्ठ्यात ठेवला होता. सोबत जोडलेला दाव्याचा मसुदा वाचला आणि तिथून बाहेर काढला. शिफारस आधी सांगतो: मुलाखतीला बोलवावे, लेखी चाचणी घ्यावी, पण सनदेबाबतचा एक खुलासा मुलाखतीआधीच कागदावर मागवावा.

जाहिरातीत आपण तीन गोष्टी मागितल्या होत्या. सनद, ऑल इंडिया बार परीक्षा आणि 3 ते 5 वर्षांची प्रत्यक्ष वकिली ही पहिली. वाणिज्य दावे, लवाद आणि स्थावर मालमत्तेचे वाद या क्षेत्रांतला अनुभव ही दुसरी. तिसरी, स्वतः मसुदे लिहिण्याचा अनुभव. त्याच क्रमाने जातो.

सनद

उमेदवारांची सनद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची, ऑगस्ट 2021 ची आहे. बार परीक्षा 2023 मध्ये उत्तीर्ण, म्हणजे तात्पुरत्या नोंदणीनंतरच्या दोन वर्षांच्या आत. सनदेची प्रत जोडली आहे, सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिसची नाही. ते मागवून घेता येईल, त्यासाठी अर्ज अडवू नये.

प्रश्न अनुभवाच्या मोजणीचा आहे. बायोडेटाच्या पहिल्याच ओळीत "साडेचार वर्षांची वकिली" असे लिहिले आहे. कामाचा तपशील मात्र असा: ऑगस्ट 2021 ते ऑक्टोबर 2022 दिवाणी न्यायालयातल्या एका सिनिअरकडे ज्युनिअर, नोव्हेंबर 2022 ते डिसेंबर 2023 एका बांधकाम कंपनीत पगारी विधी अधिकारी, आणि जानेवारी 2024 पासून आजवर एका वकिली कार्यालयात असोसिएट. महिने मोजले तर 15, 14 आणि 25, एकूण 54. साडेचार वर्षे बरोबर भरतात, पण त्यात कंपनीतले 14 महिने धरले आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला त्या काळात वकिली करता येत नाही. नोकरी धरल्याचे कळवून सनद स्थगित करून घ्यावी लागते. ते महिने वजा केले की 40 उरतात, म्हणजे 3 वर्षे 4 महिने. आपल्या अटीत ते बसते. त्यामुळे आकडा फुगवल्याचा ठपका मी ठेवत नाही. कंपनीतला अनुभव वकिलीत धरण्याची चूक मी याआधीच्या छाननीतही पुष्कळ अर्जांत पाहिली आहे.

खटकली ती याच काळातली दुसरी नोंद: "महारेरासमोर कंपनीची बाजू मांडली." हे वाचूनच मी अर्ज बाजूला ठेवला होता. नंतर रेरा कायद्याचे कलम 56 पुन्हा उघडून पाहिले. त्यात वकिलाबरोबरच संस्थेच्या अधिकाऱ्यामार्फत बाजू मांडण्याचीही मुभा आहे. तेव्हा त्या अधिकारपत्रावर उभ्या राहिल्या असतील तर हरकतीचे कारण नाही. वकीलपत्र दाखल करून, बँड लावून उभ्या राहिल्या असतील तर प्रश्न गंभीर आहे. बायोडेटावरून दोन्ही अर्थ निघतात. संशयाचा अर्थ आपणच ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात: सनद स्थगित केली होती का, केली असल्यास कधी आणि पुन्हा सुरू झाल्याचा कागद आहे का, आणि महारेरासमोर कोणत्या नात्याने हजर होतात. उत्तर लेखी हवे.

कामाची क्षेत्रे

पहिल्या पानावर आठ क्षेत्रे दिली आहेत: वाणिज्य दावे, लवाद, रेरा, दिवाळखोरी, बौद्धिक संपदा, फौजदारी, कौटुंबिक आणि डेटा संरक्षण. ही यादी मी विचारात घेतली नाही. शेवटच्या पानावर 23 प्रकरणांची यादी आहे, ती प्रकरणे मोजली. 11 वसुलीचे व वाणिज्य दावे, 5 लवादाची, 5 रेराची, 1 ट्रेडमार्कच्या नोटिशीला उत्तर आणि 1 दिवाळखोरीतली मागणी नोटीस. फौजदारी, कौटुंबिक आणि डेटा संरक्षणाचे एकही नाही.

म्हणजे 23 पैकी 21 प्रकरणे आपण मागितलेल्या तीन क्षेत्रांतली आहेत. आठ नावांची यादी न देता तीनच दिली असती तर हा अर्ज पहिल्या वाचनातच वर आला असता. यादी लांबवली म्हणून उमेदवारांचे गुण मी कापलेले नाहीत, मात्र तिच्यावरून गुण दिलेलेही नाहीत.

दिवाळखोरीच्या एका नोटिशीबद्दल मुलाखतीत जरूर विचारावे. कलम 8 ची मागणी नोटीस, येणे 62 लाख, वर्ष 2024. मार्च 2020 पासून किमान थकबाकीची मर्यादा 1 कोटी आहे, त्यामुळे पुढचा कलम 9 चा अर्ज उभाच राहत नाही. नोटीस पाठवण्याचा निर्णय बहुधा सिनिअरचा असेल. उमेदवारांना ही अडचण तेव्हा दिसली होती का, आणि दिसली तर त्या बोलल्या का, हे मला ऐकायचे आहे.

लवादाची 5 प्रकरणे नीट पाहिली. दिवाळखोरी संहितेशी गल्लत नको: इथले कलम 9 लवाद कायद्याचे, अंतरिम संरक्षणाचे. असे 4 अर्ज आहेत. दोनांपुढे "पहिला मसुदा व तारखांची यादी" असे लिहिले आहे, दोनांपुढे "सहाय्य". पाचवे कलम 34 खालचे, त्यापुढे "निवाड्यांचा शोध". लवादापुढे साक्ष नोंदवणे किंवा उलटतपासणीची तयारी कुठेच नाही. लवादाचा अनुभव आहे, पण न्यायालयापुरता. जाहिरातीत आपण यापेक्षा जास्त मागितले नव्हते, म्हणून अट पूर्ण धरतो. कामावर घेतल्यास पहिले वर्ष शिकवावे लागेल हे मात्र लक्षात ठेवावे.

मसुदालेखन

हा भाग मी सगळ्यात जास्त वेळ पाहिला, कारण या पदावरच्या माणसाचा निम्म्याहून अधिक दिवस यातच जाणार आहे.

या बायोडेटातली क्रियापदे प्रामाणिक आहेत. इतर अर्जांत सगळीकडे "मसुदे हाताळले" असते. त्यातून हात कोणाचा होता ते कळत नाही. इथे प्रत्येक प्रकरणापुढे "पहिला मसुदा", "दुरुस्त्या", "परिशिष्टे लावली", "सहाय्य" असे वेगळे लिहिले आहे. पहिला मसुदा स्वतःचा अशी 9 प्रकरणे आहेत. मोठा आकडा नाही, पण विश्वास ठेवावा असा आहे.

जोडलेला नमुना जुलै 2025 मध्ये दाखल झालेल्या वाणिज्य दाव्याचा आहे, मालाच्या थकीत बिलांचा. परिच्छेद 14 मुदतीचा. शेवटचे बिल 20 एप्रिल 2022 चे. सरळ तीन वर्षे मोजली तर दावा मुदतबाह्य. उमेदवारांनी 9 ऑक्टोबर 2023 चा अंशतः भरणा आणि त्याच दिवशीचा, बाकी रक्कम कबूल करणारा ईमेल एकत्र मांडला आहे, भरणा मूळ मुदतीच्या आत झाला होता हे वेगळ्या वाक्यात सांगितले आहे आणि मुदत कायद्याची कलमे 18 व 19 दोन्ही घेतली आहेत. प्रत्येक विधानापुढे परिशिष्टाचा क्रमांक आहे. हा परिच्छेद अकरा ओळींचा आहे आणि त्यातला एकही शब्द मला काढावासा वाटला नाही. दाव्यापूर्वीच्या मध्यस्थीचा, म्हणजे कलम 12अ चा, परिच्छेद आहे. ईमेलसाठीचे प्रमाणपत्र जुन्या 65ब खाली न देता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63(4) खाली, भाग अ आणि भाग ब सह दिले आहे. नवे कायदे 1 जुलै 2024 ला लागू झाले. आपल्याकडे आलेल्या कच्च्या मसुद्यांत अजून 65ब सापडते.

उणिवाही आहेत. मागणीत 18 टक्के व्याज घातले आहे, पण वाणिज्य दाव्यात आदेश 7 नियम 2अ प्रमाणे जो तपशील द्यावा लागतो तो अर्धाच आहे: व्याज करारावरून की कायद्यावरून ते सांगितलेले नाही आणि दररोज वाढणारी रक्कम काढलेली नाही. तोंडी युक्तिवादात याच जागेवर प्रतिवादीचा वकील बोट ठेवतो. दुसरी उणीव मला जास्त लागली. पक्षकारांची नावे काळजीपूर्वक काळी केली आहेत, पण पान 11 वरच्या बिलाच्या तक्त्यात वादीचा जीएसटी क्रमांक तसाच राहिला आहे. त्यावरून पक्षकार कोण ते दोन मिनिटांत कळते. नमुन्याची ती प्रत मी फाइलमधून काढली आहे आणि पान 11 झाकलेली प्रत ठेवली आहे. कृपया मूळ ईमेल पुढे पाठवू नये. उमेदवारांना हे थेट सांगावे. उत्तर देताना त्या काय म्हणतात यावर माझे मत बरेचसे अवलंबून राहील. पक्षकाराच्या गुपिताची धास्ती असलेला माणूस सबब सांगत बसत नाही.

आणखी एक पोकळी: 9 पैकी एकही मसुदा कैफियतीचा नाही, सगळे वादीच्या बाजूचे. आपल्या विभागात निम्मे काम प्रतिवादीचे आहे, आणि वाणिज्य दाव्यात 120 दिवस उलटले की कैफियतीचा हक्कच जातो. दुसऱ्याच्या दाव्यातले प्रत्येक विधान मान्य, अमान्य की माहिती नाही हे कारणासह लिहिणे हे वेगळे कसब आहे. चाचणी म्हणूनच त्याची घ्यावी: सहा परिच्छेदांचा दावा द्यायचा, दीड तासात कैफियतीचा मसुदा मागायचा. प्रश्नपत्रिका मी तयार करतो.

सातबारा आणि रोजनामा वाचता येणे ही जाहिरातीत अट नव्हती, इष्ट गोष्ट होती. पहिल्या नोकरीत त्यांनी एका अपिलासाठी कनिष्ठ न्यायालयाचे मराठी दप्तर इंग्रजीत केले आहे. आपल्या जमिनीच्या प्रकरणांत याचा उपयोग पहिल्या आठवड्यापासून होईल.

महाविद्यालय, गुण आणि मूट कोर्टची बक्षिसे मी विचारात घेतली नाहीत. जाहिरातीत ती मागितलेली नव्हती आणि इतर अर्जांनाही मी हेच लावले आहे.

निर्णय

सनद: पूर्ण, खुलाशाच्या अटीवर. क्षेत्रे: पूर्ण, लवाद मर्यादित. मसुदालेखन: पूर्ण, वादीच्या बाजूने चांगले, प्रतिवादीच्या बाजूने अजून पाहायचे. आजवर छाननी केलेल्या 17 अर्जांत मी याला वरच्या चारांत ठेवतो.

खुलाशाचे पत्र कार्यालयातून सोमवारी जावे आणि उत्तरासाठी पाच दिवस द्यावेत. अधिकारपत्राची प्रत आली तर पुढच्या आठवड्यातल्या मुलाखतींत त्यांची वेळ सकाळची ठेवावी, म्हणजे चाचणी आधी आणि बोलणे नंतर होईल. वकीलपत्रावर हजर राहिल्याचे निघाले तर फाइल माझ्याकडे न पाठवता आपण स्वतः पाहावी, तो निर्णय माझ्या पातळीवरचा नाही.

सिनिअर असोसिएट,
वाणिज्य वाद विभाग