पगारकपातीमुळे गृहकर्जाचा मासिक हप्ता कमी करण्याबाबत विनंती

दि. 12 जानेवारी 2026

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
गृहकर्ज विभाग, भोसरी शाखा, पुणे

विषय : गृहकर्ज खाते (शेवटचे चार आकडे 4417) – हप्ता ₹20,024 वरून सुमारे ₹16,000 करून मिळणेबाबत

महोदय,

जानेवारी 2019 मध्ये आपल्या शाखेतून मी व माझी पत्नी यांनी ₹22,50,000 चे गृहकर्ज 20 वर्षांसाठी घेतले. आजवर 84 हप्ते भरले आहेत. त्यातला जुलै 2021 चा एक हप्ता पगार लांबल्यामुळे तीन दिवस उशिरा, दंडासह भरला. बाकी सगळे वेळेवर गेले. 2020 मध्ये मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवण्याची सवलत होती, तीही मी घेतली नव्हती. आज मुद्दल ₹18,62,000 बाकी असून 156 हप्ते राहिले आहेत.

मी भोसरी एमआयडीसीतल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सीएनसी ऑपरेटर आहे. मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरी कमी झाल्याने तिसरी पाळी बंद झाली, ओव्हरटाइम थांबला आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून पगारही कापला. हातात ₹46,800 यायचे, आता ₹34,900 येतात. नोकरी गेलेली नाही, पण कपात कधी उठेल हे कंपनी सांगत नाही.

घरचा हिशेब लपवत नाही. पत्नी पिको-फॉल व शिवणकाम करते, त्यातून महिन्याला साधारण ₹4,500 येतात. म्हणजे एकूण ₹39,400. हप्ता गेल्यावर ₹19,376 उरतात. किराणा आणि गॅस ₹9,000, मुलाची शाळा व बस ₹4,200, आईची औषधे ₹2,300, सोसायटी मेंटेनन्स व लाइट बिल ₹2,600, पेट्रोल व मोबाइल ₹2,400 असे ₹20,500 लागतात. दरमहा अकराशेची तूट आहे. डिसेंबरात विम्याचा ₹14,200 चा वार्षिक हप्ता आवर्ती ठेव मोडून भरला. मोडायला आता दुसरी ठेव नाही. 5 तारखेला आपला हप्ता कापला गेला तेव्हा खात्यात ₹1,140 उरले होते आणि पुढचा पगार महिनाअखेरीस होता.

यावर माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, आमचे कर्ज ऑक्टोबर 2019 च्या आधीचे असल्याने अजून एमसीएलआरवर आहे व व्याजदर 8.75 टक्के पडतो. फेब्रुवारी 2025 पासून रेपो दर 6.50 वरून 5.25 टक्क्यांवर आला, त्याचा फायदा आम्हाला नीट मिळालेला नाही. शाखेतल्या फलकावर नव्या कर्जदारांसाठी 7.75 टक्क्यांपासून दर लिहिला आहे. आमचे खाते रेपोशी जोडलेल्या दरावर वळवावे. त्याचे नियमानुसार जे शुल्क असेल ते भरेन.

दुसरी, उरलेली मुदत 13 वरून 18 वर्षे करावी. माझे वय 41 आहे, नोकरी 60 पर्यंत, त्यामुळे कर्ज निवृत्तीआधी फिटते. 7.75 टक्के व 216 महिने धरल्यास हप्ता ₹16,011 येतो. तेवढा मी भरू शकतो, वर थोडे शिल्लकही राहतील. यात एकूण सुमारे ₹3,35,000 जास्त जातात हे मी कागदावर मांडून पाहिले आहे. पगार पूर्ववत झाला की हप्ता पुन्हा वाढवून घेईन, तशी सोय मंजुरीपत्रात असावी.

दर वळवणे जमत नसेल तरी मुदत जरूर वाढवावी, 8.75 टक्क्यांनीही हप्ता ₹17,147 वर येतो.

काउंटरवर मला टॉप-अप कर्ज सुचवण्यात आले होते. हप्ता झेपत नाही म्हणून आलेल्या माणसाने आणखी कर्ज घ्यावे हे मला पटले नाही, ते नको.

एक शंका आहे. खाते आजही नियमित आहे, थकबाकी नाही. थकल्यावर येण्यापेक्षा आधीच आलो आहे. या बदलामुळे सिबिलवर ‘पुनर्रचित’ अशी नोंद पडणार असेल, तर सही घेण्याआधी तसे लेखी कळवावे, म्हणजे विचार करता येईल.

पुढचा हप्ता 5 फेब्रुवारीला आहे. त्याआधी लेखी उत्तर मिळाले तर नवा नॅच मँडेट वेळेत भरून देता येईल. चेक बाउन्सचा दंड भरायची पाळी येऊ नये एवढीच इच्छा. माझी सुट्टी गुरुवारी असते, त्या दिवशी पत्नीसह कधीही येऊ शकतो.

सोबत कंपनीचे पगारकपातीचे पत्र, सप्टेंबर, नोव्हेंबर व डिसेंबरच्या पगाराच्या पावत्या आणि सहा महिन्यांचे खातेउतारे जोडले आहेत. या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मिळावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
सुनील जगताप (कर्जदार)
वैशाली जगताप (सहकर्जदार)
चिखली, पुणे