सर्व कॅप्टनसाठी : आजच्या मॅचच्या वेळा बदलल्या आहेत

राम राम मंडळी. रात्री सेलूत बऱ्यापैकी पाऊस झाला, ग्राउंड ओलं आहे. ९ वाजताची पहिली मॅच आता दुपारी १२:३० ला सुरू होईल. गावाहून निघायची घाई करू नका.

आजच्या चारही क्वार्टर फायनलच्या नव्या वेळा :
सेलू – वालूर, दु. १२:३०
मानवत – पाथरी, दु. १:५०
परतूर – मंठा, दु. ३:१०
जिंतूर – बोरी, दु. ४:३०

आपल्या मॅचच्या अर्धा तास आधी अकराच्या अकरा पोरं ग्राउंडवर पाहिजेत. टॉस १५ मिनिटं आधी. टॉसला कॅप्टन नसला तर समोरचा संघ ठरवेल. उशीर झाला तर ओव्हर कापल्या जातील, मग वाद घालायचा नाही. जिंतूर, बोरीवाल्यांनी हे जास्त ध्यानात घ्या, तुमच्या मॅचला उजेड पुरला पाहिजे.

मॅच ८ ऐवजी ६ ओव्हरची. पॉवरप्ले पहिल्या २ ओव्हर, एका बॉलरला जास्तीत जास्त २ ओव्हर. बॉल भिजून जड झाला तर बदलायचा का नाही, ते अंपायर ठरवतील.

सकाळपासून फोन यायलेत, "ऊन पडलंय, मग थांबायचं कशाला?" भाऊ, पिचवर ताडपत्री होती, पिच कोरडंच आहे. अडचण बाहेरच्या काळ्या मातीची आहे. वरून वाळल्यासारखी दिसते, पाय ठेवला की बूट घोट्यापर्यंत आत. रस्त्याकडच्या एंडला बॉलरच्या रनअपमधी अजून पचपच आहे. तिथं एखाद्याचा गुडघा गेला तर ट्रॉफी काय कामाची? पोरं बादली अन् पोत्यानं पाणी काढायलेत, मुरमाचं ट्रॅक्टर यायलंय. मिडविकेटला डबकं आहे, म्हणून त्या बाजूची बाउंड्री आत घेतली आहे. ती दोन्ही संघांना सारखीच, नंतर तक्रार नको.

एक हात जोडून विनंती : मोटारसायकली ग्राउंडमधी घालू नका. एका टायरची चाकोरी वाळली की दगडासारखी होते, अन् मग बॉल कुठून कुठं उसळतो ते मागच्या वर्षी सगळ्यांनी बघितलंय. गाड्या शाळेच्या भिंतीकडं लावा.

जेवण ११:३० पासून मंडपात आहे, पुरीभाजी. लवकर आलेल्यांनी तिथं बसावं, ओल्या ग्राउंडवर वॉर्मअप करू नये.

परत पाऊस आला तर राहिलेल्या मॅच उद्या रविवारी सकाळी ७ पासून घेऊ. त्याचा मेसेज दुपारी ३ च्या आत टाकतो. उद्याच्या सेमीफायनल अन् फायनलच्या वेळा सध्या तरी आहेत तशाच.

कॅप्टनांनी मेसेज वाचून खाली फक्त आपल्या संघाचं नाव टाका. १० पर्यंत ज्यांचं नाव येणार नाही, त्यांना मी फोन करतो.