गोषवारा : मातीच्या ओलाव्यानुसार कुंड्यांना पाणी देणारी लहान स्वयंचलित व्यवस्था

गोव्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पाऊस भरपूर पडतो. मात्र नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत घराच्या गॅलरीतील, गच्चीवरील आणि अंगणातील कुंड्या पूर्णपणे माणसाने दिलेल्या पाण्यावर अवलंबून असतात. येथील तांबडी जांभ्याची माती पाणी लवकर सोडते आणि कुंडीत ती वाळली की वरून घट्ट होते, त्यामुळे घाईने ओतलेले पाणी कडेच्या फटीतून खाली निघून जाते आणि मुळे कोरडीच राहतात. नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर असणाऱ्या किंवा सणासुदीला मूळ गावी जाणाऱ्या कुटुंबांची ही अडचण डोळ्यांसमोर ठेवून प्रस्तुत प्रकल्पात तुळस, अबोली, मिरची आणि तांबडी भाजी अशा चार कुंड्यांसाठी, प्रत्येक कुंडीतील ओलावा स्वतंत्रपणे मोजून गरजेपुरतेच पाणी देणारी व्यवस्था तयार केली व तपासली. ठरलेल्या वेळी पंप सुरू करणारी साधने बाजारात सहज मिळतात; आमचा भर पाणी केव्हा द्यायचे नाही आणि केव्हा थांबवायचे हे ठरवण्यावर होता.

व्यवस्थेचे नियंत्रण अर्डुइनो उनो बोर्डाकडे आहे. चार कुंड्यांतील चार सेन्सर त्याच्या पहिल्या चार अ‍ॅनालॉग पिनांना जोडले असून उरलेल्या दोन पिनांवर १६ अक्षरे व दोन ओळींचा डिस्प्ले चालतो. प्रत्येक कुंडीसाठी पाण्यात बुडवून ठेवण्याचा एक छोटा डीसी पंप आहे. चारही पंप २० लिटरच्या एकाच बादलीतून पाणी घेतात, परंतु विद्युतपुरवठ्यावर ताण येऊ नये म्हणून एका वेळी एकच पंप चालतो. सुरुवातीला पंप चालू-बंद होताना डिस्प्ले कोरा पडत असे आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असे. पंपांचा पुरवठा बोर्डापासून वेगळा केल्यावर आणि प्रत्येक पंपाला उलटा डायोड जोडल्यावर हा दोष गेला.

सेन्सरच्या निवडीत आमचा बराच वेळ गेला, आणि तो सार्थकी लागला असे आम्हांला वाटते. प्रथम दोन उघड्या धातूच्या पट्ट्यांमधील विद्युतरोध मोजणारे स्वस्त सेन्सर वापरले. त्यांतून सतत डीसी प्रवाह जात राहिल्याने विद्युत-विच्छेदन होऊन एका पट्टीवरील मुलामा १७ दिवसांत खाल्ला गेला, खालचे तांबे हिरवट पडले आणि कुंडी ओली असतानाही वाचन ‘कोरडी’ येऊ लागले. म्हणजे सेन्सर जसा झिजत जाईल तशी व्यवस्था जास्त पाणी देत जाईल, अशी उलटी स्थिती निर्माण झाली. म्हणून धातूचा मातीशी थेट संपर्क न येणारे, धारितेवर चालणारे सेन्सर घेतले. त्यांच्याही पट्टीच्या कापलेल्या कडा पाणी शोषतात, त्यामुळे कडांना आणि वरच्या घटकांना इपॉक्सीचा थर दिला.

हे सेन्सर कोरड्या हवेत सुमारे ५९० आणि पाण्यात सुमारे २९० असे आकडे देतात. माती जितकी ओली, तितका आकडा लहान. या आकड्याचा प्रत्यक्ष ओलाव्याशी संबंध लावण्यासाठी मातीचे नमुने वजन करून १०५ अंश सेल्सिअसला २४ तास भट्टीत वाळवले आणि पुन्हा तोलले. तांबडी माती व शेणखत यांच्या मिश्रणात ४५० हे वाचन वजनाने सुमारे १४ टक्के ओलाव्याचे निघाले, तर नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळलेल्या हलक्या मिश्रणात तेच वाचन सुमारे २१ टक्क्यांचे होते. सेन्सर आकारमानातील पाणी मोजतो आणि हलक्या मातीचे वजन कमी भरते, हे यामागील कारण आहे. यास्तव सर्व कुंड्यांना एकच मर्यादा लावण्याची मूळ कल्पना सोडून प्रत्येक कुंडीची मर्यादा स्वतंत्र ठेवली.

मर्यादेचा नेमका आकडा ठरवताना केवळ भट्टीतील मोजमापावर विसंबलो नाही. गटातील एका सदस्याच्या आजी अनेक वर्षे परसात फुलझाडे आणि भाजी करत आल्या आहेत. त्या मातीत बोट पेराएवढे खुपसून पाणी हवे की नको हे सांगतात. डिस्प्ले झाकून त्यांचे मत २५ वेळा नोंदवले आणि त्यानुसार मातीच्या मिश्रणात पाणी सुरू करण्याची मर्यादा ४८० व थांबण्याची ४०० धरली. ती लावल्यावर २५ पैकी २१ वेळा व्यवस्थेचा निर्णय त्यांच्या मताशी जुळला. दोन मर्यादांमध्ये अंतर ठेवल्यामुळे वाचन थोडे हलले तरी पंप सारखा चालू-बंद होत नाही.

ओतलेले पाणी सेन्सरपर्यंत झिरपायला वेळ लागतो. म्हणून पंप एका वेळी फक्त ४ सेकंद, म्हणजे सुमारे ८० मिलिलिटर पाणी देतो, १० मिनिटे थांबतो आणि पुन्हा वाचन घेतो. सलग तीन वेळा पाणी देऊनही वाचन बदलले नाही, तर सेन्सर मातीबाहेर आला आहे किंवा नळी निसटली आहे असे समजून त्या कुंडीचा पंप बंद होतो व बझर वाजतो. ही नोंद बोर्डाच्या कायम स्मृतीत राहते, त्यामुळे वीज जाऊन आल्यावर चूक पुसली जात नाही. बादलीतील पाणी संपल्यास फ्लोट स्विच सर्व पंप थांबवतो. पहिल्या मांडणीत बादली कुंड्यांपेक्षा उंच कट्ट्यावर होती. पंप बंद झाल्यावरही नळीतून सायफनने पाणी वाहत राहिले आणि सकाळी तुळशीची कुंडी तुडुंब भरलेली व बादली निम्मी रिकामी सापडली. तेव्हापासून बादली जमिनीवर, कुंड्यांच्या पातळीखाली ठेवली आहे.

फोंडा येथील एका फ्लॅटच्या पश्चिमेकडील गॅलरीत १० फेब्रुवारी ते २३ मार्च असे ४२ दिवस ही व्यवस्था चालवली. तशाच चार कुंड्यांना शेजारी रोज प्रत्येकी अर्धा लिटर पाणी हाताने दिले. हाताने ८४ लिटर, तर व्यवस्थेने ५३ लिटर पाणी लागले आणि दोन्हीकडील झाडे सारखीच टवटवीत राहिली. ही ३७ टक्के बचत आम्ही ठरवलेल्या अर्ध्या लिटरच्या तुलनेत आहे. काळजीपूर्वक पाणी घालणाऱ्या माणसाशी तुलना केल्यास ती कमी भरेल. आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची नोंद शिगम्याच्या पाच दिवसांची आहे. कुटुंब सत्तरीतील गावी गेले असताना कोणीही हात न लावता चारही कुंड्यांचे वाचन ठरलेल्या दोन मर्यादांच्या आसपास टिकले. पूर्ण व्यवस्थेला सुमारे २,४०० रुपये खर्च आला.

चाचणी कोरड्या हंगामातच झाली असल्याने पावसाळ्यातील दमट हवेचा जोडण्यांवर होणारा परिणाम तपासलेला नाही. सेन्सर कुंडीतील एकाच जागेचा ओलावा दाखवतो, आणि मातीचे मिश्रण बदलल्यास मर्यादा पुन्हा ठरवाव्या लागतात. ती कृती अहवालाच्या चौथ्या प्रकरणात टप्प्याटप्प्याने दिली आहे.

बीजशब्द : मातीतील ओलावा, धारिता सेन्सर, अर्डुइनो, कुंडीतील सिंचन, जांभ्याची माती, सेन्सरचे अंशांकन