वाहन क्रमांकातील दोन अंकांच्या चुकीवरून अडवलेला माल: एमओव्ही-०७ नोटिशीला उत्तर

नागपूर, १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
सक्षम अधिकारी, फिरते तपासणी पथक,
राज्य वस्तू व सेवा कर, नागपूर

विषय: कलम १२९(३) खालील दि. १३ नोव्हेंबर २०२५ ची नोटीस; माल व वाहन सोडण्याबाबत

महोदय,

आमच्या हिंगणा एमआयडीसीतील कारखान्यातून अमरावतीच्या विक्रेत्याकडे निघालेला पीव्हीसी पाइपांचा ट्रक ११ नोव्हेंबरला बाजारगावजवळ थांबवण्यात आला. ई-वे बिलाच्या भाग-ब मध्ये वाहनाचे शेवटचे चार अंक ४७८१ आहेत, ट्रकच्या पाटीवर ४७१८. नोटिशीत एवढे एकच कारण दिले आहे. अंकांची अदलाबदल आमच्याकडूनच झाली, हे आम्ही मान्य करतो. वाहतूकदाराच्या कारकुनाने क्रमांक फोनवरून सांगितला आणि आमच्या ऑपरेटरने शेवटचे दोन अंक उलटे टाकले. मालिका व बाकीचे अंक तंतोतंत जुळतात.

बीजक १० नोव्हेंबरचे आहे: ११० मि.मी.चे २०० नग आणि ९० मि.मी.चे १६० नग, प्रत्येकी सहा मीटर, एचएसएन ३९१७. मूल्य ₹२,७६,०००, त्यावर केंद्रीय व राज्य कर प्रत्येकी ₹२४,८४०, एकूण ₹३,२५,६८०. एमओव्ही-०४ मधील मोजणीत ३६०च नग भरले, एकही कमी-जास्त नाही. गाडी निघण्यापूर्वीच, १० तारखेला, बीजकाचा आयआरएन निघाला होता. म्हणजे हा व्यवहार पोर्टलवर आधीच नोंदला गेला आहे, तो लपवायला जागाच नाही. ई-वे बिलाची मुदतही १२ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत होती.

आता ४७८१ बद्दल. वाहन पोर्टलवर त्या क्रमांकाची नोंद दुचाकीची आहे. सहा मीटरचे ३६० पाइप दुचाकीवर जाऊ शकत नाहीत. बिल दुसऱ्या गाडीसाठी काढले असेल ही शंका इथेच मिटावी. त्याच दिवशीची बिल्टी, हिंगण्याच्या वजनकाट्याची पावती आणि गोंडखैरी टोलनाक्यावरची फास्टॅग नोंद, तिन्हींवर ४७१८च आहे. गाडी थांबवल्यानंतर आम्ही भाग-ब मध्ये कोणताही बदल केलेला नाही. मुदतीत नवा क्रमांक टाकता आला असता, पण तपासणीच्या वेळची नोंद आपल्यासमोर जशीच्या तशी राहावी म्हणून आम्ही तिला हात लावला नाही.

नेमक्या अशाच चुकांसाठी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाचे १४ सप्टेंबर २०१८ चे परिपत्रक क्र. ६४/३८/२०१८-जीएसटी आहे. त्याच्या परिच्छेद ५ मधील बाब (एफ) नुसार, वाहन क्रमांकात एक किंवा दोन अंक वा अक्षरे चुकली असतील आणि सोबत बीजक व ई-वे बिल असेल, तर कलम १२९ ची कारवाई सुरू करू नये. परिच्छेद ६ नुसार अशा मालासाठी कलम १२५ खाली केंद्रीय कायद्यात ₹५०० व संबंधित राज्य कायद्यात ₹५०० दंड आकारता येतो. हे ₹१,००० भरण्याची आमची तयारी आहे, त्यासाठी डीआरसी-०७ मध्ये आदेश व्हावा.

नोटिशीत ₹१,३८,००० म्हणजे मूल्याच्या ५० टक्के दंड प्रस्तावित आहे. ही आकारणी कलम १२९(१)(ख) ची, म्हणजे मालक पुढे न आल्यास लागणारी. ३१ डिसेंबर २०१८ च्या परिपत्रक क्र. ७६/५०/२०१८-जीएसटी नुसार बीजक मालासोबत असेल तर माल पाठवणारा किंवा घेणारा मालक धरला जातो. बीजक चालकाकडे होते, तसे एमओव्ही-०१ मध्ये नमूद आहे, आणि पाठवणारे म्हणून आम्ही या पत्राने हजर आहोत. त्यामुळे कलम १२९ लागूच होते असे क्षणभर धरले, तरी आकारणी (क) खालीच, कराच्या २०० टक्के म्हणजे ₹९९,३६० च्या पुढे जात नाही. हे फक्त हक्क राखून सांगत आहोत. आमचे मूळ म्हणणे कारवाई मागे घेण्याचेच आहे. ही रक्कम डीआरसी-०३ ने भरलेली नाही, कारण ती भरताच कलम १२९(५) नुसार कार्यवाही संपल्याचे धरले जाते आणि आमचे म्हणणे ऐकले जाणार नाही.

विनंती अशी की कलम १२९ ची कार्यवाही वगळून एमओव्ही-०५ ने माल व वाहन सोडावे. आपण सहमत नसाल, तर कलम १२९(४) नुसार प्रत्यक्ष सुनावणी द्यावी आणि परिपत्रक लागू का होत नाही याची कारणे आदेशात लिहावीत. नोटीस १३ तारखेलाच मिळाली, त्यामुळे सात दिवसांची मुदत २० नोव्हेंबरला संपते. सुनावणी १८ किंवा १९ ला ठेवल्यास आमचे कर सल्लागार अधिकारपत्रासह येतील. रब्बीच्या ओलिताची वेळ आहे, अमरावतीकडचे शेतकरी या पाइपांची वाट पाहत आहेत, आणि चालक व क्लीनर सहा दिवसांपासून गाडीपाशीच बसून आहेत.

सोबत: बीजक, ई-वे बिल, बिल्टी, ट्रकचे नोंदणी प्रमाणपत्र, वजनकाटा पावती, फास्टॅग उतारा, वाहन पोर्टलवरील ४७८१ च्या नोंदीची प्रत आणि दोन्ही परिपत्रके. प्रत्येक प्रतीवर आमची सही व शिक्का आहे. हेच उत्तर आज पोर्टलवरही दाखल केले आहे. कृपया दुय्यम प्रतीवर पोच द्यावी.

आपला विश्वासू,
प्रोप्रायटर, माल पाठवणारी फर्म
हिंगणा एमआयडीसी, नागपूर