ट्रेनर प्रोफाइल : सुपरवायझर, शिफ्ट आणि कामावरचं बोलणं, इंदूर-पीथमपूर-देवास

नमस्कार. मी इंदूरची, घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि प्लांटमध्ये जे चालेल ते. ट्रेनिंगमध्ये यायच्या आधी 11 वर्षं पीथमपूरला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीत होते, त्यातली चार वर्षं शिफ्टमध्ये, म्हणजे रात्री दोन वाजता लाइन थांबली की काय होतं ते मला स्लाइडवरून शिकावं लागलेलं नाही. 2014 पासून फक्त ट्रेनिंग करते.

आधीच सांगते, मी मोटिवेशनल स्पीकर नाही. निखाऱ्यांवरून चालवणं, टाळ्या, डोळे मिटून स्वतःला मिठी मारणं, यातलं काही मला जमत नाही, आणि त्यानंतर सोमवारी काय बदललं असं विचारलं तर कोणाला सांगताही येत नाही. ज्यांना अ‍ॅन्युअल डेला तासभर माहोल करायचाय त्यांनी दुसरं कोणी बघावं, मी वाईट वाटून घेणार नाही.

माझा सगळ्यात जास्त चालणारा प्रोग्राम म्हणजे 'काल ऑपरेटर, आज सुपरवायझर'. दोन दिवस, मध्ये 15 दिवसांची गॅप, मग अर्धा दिवस लाइनवर. आपल्याकडे होतं काय, जो मशीन सगळ्यात चांगली चालवतो त्याला सुपरवायझर करून टाकतात, आता तो बिचारा काल ज्यांच्यासोबत कँटीनमध्ये शेव-परमल खात होता त्यांनाच आज हजेरीवरून बोलणार कसा, मग एकतर तो ओरडतो नाहीतर सगळं काम स्वतःच करत बसतो. यात मी तीनच गोष्टी पक्क्या करून घेते. नवीन माणसाला काम शिकवणं, चूक चारचौघात न सांगता सांगणं, आणि वरच्या साहेबाला 'नाही होणार' हे कारणासकट सांगणं.

काम शिकवायची पद्धत माझी नाही, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत फॅक्टऱ्यांत नवखी माणसं पटापट तयार करायला निघालेली आहे, पुढे जपानी कंपन्यांनी उचलली. चार पायऱ्या, माणसाला आधी तयार करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, आणि नंतर येऊन बघत राहा. चौथी पायरी सगळे खातात. मी सेशनमध्ये प्रत्येकाला एक साधी गाठ शिकवायला लावते, समोरच्याला जमली नाही की चिडायचं कोणावर, हे तिथे आपोआप कळतं, मला लेक्चर द्यावं लागत नाही.

दुसरा प्रोग्राम शिफ्ट हँडओव्हरचा, दिसायला छोटा आहे पण पैसे यातच वाचतात. जाणारा घाईत, बसची वेळ झालेली, येणारा अजून चहा पितोय, आणि रजिस्टरमध्ये लिहिलंय 'ऑल ओके'. मी तुमचंच जुनं रजिस्टर मागवते आणि 'ऑल ओके' लिहिलेल्या दिवशी पुढच्या शिफ्टमध्ये काय काय बिघडलं ते त्यांच्याकडूनच शोधून घेते. फार्मावाल्यांसाठी याच्यासोबत रेकॉर्ड लिहिण्याचा भाग जोडते, जे केलं तेव्हाच लिहायचं, खोडायचं तर एक रेघ, सही आणि तारीख, व्हाइटनर ड्रॉवरमध्येसुद्धा नको. केमिस्ट मंडळींना नियम पाठ असतात हो, पण 'नंतर भरून टाकू' ही सवय नियमाने जात नाही.

ऑफिसवाल्यांसाठी ईमेल-फोन-मीटिंग एक दिवसाचा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरोधी 2013 च्या कायद्यावरही जागरूकता सेशन घेते, हिंदीत आणि कामगारांना कळेल असं, आणि इंटर्नल कमिटीच्या मेंबरांसाठी वेगळं. 10 किंवा जास्त माणसं असतील तर कमिटी लागतेच, आणि त्यात बाहेरची एक व्यक्ती लागते, हे अजूनही बऱ्याच ठिकाणी मलाच सांगावं लागतं.

समोर कोण असतं? पीथमपूर आणि सांवेर रोडचे लाइन सुपरवायझर, देवासचे मेंटेनन्सवाले, सुपर कॉरिडॉरवरचे नवीन टीम लीड, आणि सियागंज, एमटी क्लॉथ मार्केटमधली दुसरी पिढी, ज्यांचे बाबूजी अजून गल्ल्यावर बसतात. या शेवटच्या ग्रुपसोबत काम करायला मला फार मजा येते, कारण तिथे बॉस बदलता येत नाही, तो घरीच जेवायला समोर असतो. एका बॅचला 22 च्या वर माणसं घेत नाही. सुपरवायझरांच्या बॅचमध्ये त्यांचा मॅनेजर मागे खुर्ची टाकून बसलेला चालत नाही, तो बसला की सगळे 'जी सर' मोडमध्ये जातात. भाषा हिंदी, समोर मराठी ग्रुप असला तर मराठी, माळवीत कोणी उत्तर दिलं तर अजून छान, इंग्रजी फक्त जिथे खरंच लागते तिथे.

आता आकडे, कारण एचआरवाले शेवटी तेच विचारतात. ट्रेनिंग मोजायचे चार टप्पे कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 1959 मध्ये मांडले, आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, आणि धंद्यात फरक पडला का. बहुतेक फीडबॅक फॉर्म पहिल्यावरच संपतात, आणि खरं सांगू तर जेवणात गुलाबजाम असले की तो स्कोर तसाही वाढतो. म्हणून मी सेशनच्या दोन आठवडे आधी येऊन मोजते आणि 60 दिवसांनी परत तेच मोजते.

एका ऑटो पार्ट्स प्लांटमध्ये हँडओव्हरनंतर लाइन पूर्ण स्पीडला यायला सरासरी 26 मिनिटं लागत होती, 60 दिवसांनी 12. एका पॅकिंग युनिटमध्ये नवीन आलेल्या 40 पैकी 15 जण तीन महिन्यांत सोडून गेले होते, सुपरवायझरांच्या बॅचनंतरच्या 40 पैकी 7 गेले. पण त्याच दरम्यान तिथे बसचा रूटही वाढवला होता, त्यामुळे सगळं श्रेय मी घेत नाही, रिपोर्टमध्येही तसंच लिहिलं. आणखी एका ठिकाणी थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या चिठ्ठ्या महिन्याला 3 वरून 21 झाल्या, साहेब घाबरून म्हणाले मॅडम हे तर वाढले, मी म्हटलं सर, अपघात नाही वाढले, सांगायची भीती गेली.

आणि जे नाही झालं तेही. एका ऑफिसात ईमेलचा प्रोग्राम घेतला, तीन महिन्यांनी मोजलं तर 'रिप्लाय ऑल' जसेच्या तसे, कारण मोठे साहेब स्वतःच रात्री 11 ला सगळ्यांना मार्क करून मेल टाकायचे. चूक माझी, वरच्यांना बॅचमध्ये घेतल्याशिवाय हो म्हणायला नको होतं. तेव्हापासून ईमेलचा प्रोग्राम विभागप्रमुख पहिल्या बॅचमध्ये बसणार असतील तरच घेते.

फीचं म्हणाल तर 70 टक्के सेशन झाल्यावर आणि उरलेले 30 टक्के 60 दिवसांच्या रिपोर्टनंतर. आकडा हलला नाही तरी रिपोर्ट तुम्हाला मिळतो, का नाही हलला त्याच्यासकट.

बोलवायचं असेल तर आधी मला तुमच्या दोन सुपरवायझरांशी अर्धा तास बोलू द्या, मॅनेजरशिवाय. गेल्या तीन महिन्यांचं हँडओव्हर रजिस्टर काढून ठेवा, नीट करून नको, आहे तसंच. हॉल साधा चालेल, प्रोजेक्टर नसला तरी चालेल, एक मोठा बोर्ड हवा. नाइट शिफ्ट करून आलेल्यांना त्याच सकाळी बसवू नका, आणि पोहे सेशनच्या आधी द्या, मध्ये नको, नाहीतर जीरावन शोधण्यातच 20 मिनिटं जातात.