सूचना : फ्लॅट ३०२ मधील दुरुस्तीचे काम

रत्नागिरी, दि. २७ ऑक्टोबर २०२५

सर्व सभासद व भाडेकरू यांस,

बी विंगमधील फ्लॅट ३०२ मध्ये सोमवार ३ नोव्हेंबर ते शनिवार ६ डिसेंबर या काळात न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि फरशीचे काम होणार आहे. पावसात भिंती ओल्या असल्याने मालकांनी दिवाळीनंतरचा मुहूर्त धरला आहे.

ब्रेकर, कटर, ड्रिल यांचे काम सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ६ एवढ्याच वेळात होईल. १ ते ४ ही वामकुक्षीची वेळ, तेव्हा ठोकाठोकही नको. आवाज न करणारे काम, म्हणजे लांबी, रंग वगैरे, सात वाजेपर्यंत चालेल. रविवारी काम पूर्ण बंद. जुनी फरशी उखडण्याचे काम पहिले चार दिवस चालेल. घरात आजारी माणूस किंवा तान्हे बाळ असेल तर आधी कळवा, त्या दिवसाची वेळ पुढेमागे करता येईल.

फरशी फ्लॅटमध्येच, पाणी मारून कापायची. कोरडी कापल्यावर उडणारी बारीक पूड छातीत जाते, कापणाऱ्याच्या सगळ्यात आधी. फ्लॅटच्या दाराला ओले गोणपाट लावून ठेवावे. दुपारी खारा वारा सुटला की धूळ थेट जिन्यात येते, म्हणून त्या वेळी पश्चिमेच्या खिडक्या बंद ठेवून काम करावे. जिना रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून घेण्याची जबाबदारी मालकांची. चौथ्या मजल्यावरच्यांनी चार दिवस वाळवण आणि कपडे गच्चीवर घालावेत, ही विनंती.

राबिट पोत्यात भरूनच खाली आणावे आणि त्याच दिवशी टेम्पोने न्यावे. मागच्या पऱ्यात एक घमेलेसुद्धा टाकू नये. जूनमध्ये पाणी तुंबले की ते पार्किंगमध्येच येते.

आता लिफ्ट. कामगारांनी जिन्याने जावे, असे दोन सभासदांनी सुचवले होते. समितीला ते मान्य नाही. दिवसभर घमेली उचलणाऱ्या माणसाने तीन मजले चढून यायचे, हे बरे दिसत नाही. अडचण वजनाची आणि रेतीची आहे. लिफ्टची क्षमता ६ माणसे, ४०८ किलो. सिमेंटचे एक पोते ५० किलोचे, म्हणजे दोन माणसे आणि पाच पोती, त्यापुढे नाही. सामान सकाळी १० ते १२ मध्येच चढवावे, आत जाड पुठ्ठा अंथरावा. रेती, खडी आणि राबिट जिन्यानेच. गेल्या वर्षी दाराच्या खाचेत रेती अडकून लिफ्ट दोन दिवस बंद पडली आणि चौथ्या मजल्यावरच्या आजींना खुर्चीत बसवून खाली आणावे लागले. लिफ्ट बिघडल्यास दुरुस्तीचा खर्च मालकांच्या अनामत रकमेतून वळता होईल.

कामगारांची नावे वॉचमनकडे नोंदवलेली असतील. पिण्याचे पाणी आणि शौचालय यांची सोय मालकांनी फ्लॅटमध्येच केली आहे. तक्रार असल्यास कामगारांशी हुज्जत न घालता वॉचमनकडील वहीत वेळेसह लिहावी. मी रोज संध्याकाळी ती पाहतो.

व्यवस्थापक समितीकरिता,
सचिव